मालिकेची तारीख नक्की कोणती? प्रश्नमंजूषेसाठी प्रक्षेपण आणि स्ट्रीमिंगच्या तारखांचा मेळ घालताना

गणपतीत किंवा माघी उत्सवात मंडळाची प्रश्नमंजूषा असली की टीव्ही मालिकांची एक फेरी ठेवलेलीच असते, आणि वाद होतो तो बहुधा त्याच फेरीत. ‘अमुक मालिका कधी सुरू झाली?’ असं विचारलं की मुंबईहून आलेला एखादा चाकरमानी लगेच मोबाइल काढतो, दुसऱ्या संघातला आपला मोबाइल दाखवतो, आणि दोन पडद्यांवर दोन तारखा असतात. बहुतेक वेळा दोन्ही खऱ्या असतात, पण वेगवेगळ्या गोष्टींच्या. एक तारीख वाहिनीवर पहिल्यांदा दिसल्याची, दुसरी ॲपवर चढवल्याची, तिसरी पुनर्प्रक्षेपणाची, चौथी नुसतीच आधी जाहीर झालेली. प्रश्न काढणाऱ्याचं काम म्हणजे त्यातली कोणती तारीख कशाची हे ओळखणं आणि प्रश्नाच्या वाक्यात तसं स्पष्ट लिहिणं.

आधी वही आखा

कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक मालिकेसाठी एक ओळ करा. रकाने असे ठेवा: पहिलं प्रक्षेपण (तारीख, वार, वेळ), वाहिनी आणि देश, पुनर्प्रक्षेपण, ॲपवर उपलब्ध झाल्याची तारीख, आणि ही माहिती कुठून मिळाली. ‘तारीख’ असा एकच रकाना ठेवलात तर सगळा घोळ त्यातच होईल, कारण जी तारीख आधी सापडते तीच तिथे जाऊन बसते. रिकामा रकाना रिकामाच राहू द्या. अंदाजाने भरलेला आकडा आठ दिवसांनी खरा वाटायला लागतो.

वाराचा रकाना क्षुल्लक वाटला तरी सगळ्यात जास्त चुका तोच पकडतो. रोजच्या मराठी मालिका बहुतेक सोमवारी सुरू होतात. दूरदर्शनच्या ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ या दोन गाजलेल्या पौराणिक मालिका रविवारी सकाळी लागायच्या. सापडलेली तारीख त्या वारी येत नसेल तर ती बहुधा चुकीची आहे किंवा दुसऱ्याच कशाची तरी आहे. स्प्रेडशीटमध्ये A2 ला पहिली तारीख आणि B2 ला शेवटची तारीख टाकली की ही दोन सूत्रं पुरतात. पहिलं वार सांगतं, दुसरं या दोन तारखांमध्ये, त्या दोन्ही धरून, तो वार किती वेळा आला ते सांगतं.

```
=TEXT(A2,"dddd")
=(B2-A2)/7+1
```

दुसऱ्या सूत्राचं उत्तर अपूर्णांकात आलं तर पहिला आणि शेवटचा भाग एकाच वारी लागलेला नाही. आठवड्यातून एकदा लागणाऱ्या मालिकेच्या बाबतीत तिथेच थांबून पुन्हा तपासावं.

‘रामायण’ आणि ‘महाभारत’: रविवार मोजून पाहा

या दोन मालिकांवर हे सूत्र चालवून पाहिलं की पद्धत नीट कळते. शिवाय कोकणातल्या कुठल्याही प्रश्नमंजूषेत त्या येणारच.

रामानंद सागर यांची ‘रामायण’ दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ रोजी संपली. दोन्ही दिवशी रविवार होता. मधले रविवार मोजले तर दोन्ही टोकं धरून ८० भरतात. मालिकेचे भाग ७८. म्हणजे दीड वर्षात दोन रविवार कोरे गेले असं धरलं की हिशेब सुटतो, आणि दीड वर्षात दोन सुट्ट्या ही अगदी पटण्यासारखी गोष्ट आहे. तारखा, वार आणि भागांची संख्या तिन्ही एकमेकांना धरून आहेत. ही तारीख निर्धास्त वापरावी.

आता ‘महाभारत’. बी. आर. चोप्रांची ही मालिका २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झाली, रविवारी. याबद्दल वाद नाही. वाद शेवटच्या भागाचा आहे. एका ठिकाणी २४ जून १९९० असं मिळतं, दुसऱ्या ठिकाणी १५ जुलै १९९०. दोन्ही रविवारच आहेत, त्यामुळे वाराची चाचणी इथे काहीच सांगत नाही. मग रविवार मोजायचे. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० यांत ९१ रविवार येतात आणि मालिकेचे भाग आहेत ९४. आठवड्याला एक भाग धरला तर तीन भाग जास्त होतात. ही तारीख खरी असेल तर मध्ये कधीतरी एका दिवशी दोन भाग लागले असणार, किंवा रविवार सोडून एखादा भाग दाखवला असणार, किंवा ९४ हा आकडा मुळातल्या प्रक्षेपणाचा नसून नंतर कॅसेट-डीव्हीडीसाठी केलेल्या विभागणीचा असणार.

१५ जुलैपर्यंत मोजलं तर रविवार बरोबर ९४ येतात. वाटतं, सुटलं कोडं. पण संशय इथेच घ्यायला हवा. पावणेदोन वर्षांत एकही रविवार चुकला नाही असं धरलं तरच हा हिशेब जमतो, आणि त्याच्या आधीच्याच मालिकेचे ८० पैकी दोन रविवार गेले होते. इतका तंतोतंत जुळणारा आकडा पाहिला की दुसरी शक्यता डोळ्यांसमोर येते: कुणीतरी सुरुवातीच्या तारखेत ९३ आठवडे मिळवून शेवटची तारीख काढली असेल आणि ती पुढे नकलत गेली असेल. आकडेमोडीतून आलेली तारीख नेहमी अशीच स्वच्छ दिसते. खऱ्या प्रक्षेपणात सण, सामने, निवडणुका यांमुळे कुठेतरी खाडा पडतोच.

म्हणजे नुसत्या गणिताने निकाल लागत नाही. गणिताने एवढंच कळलं की कुठे शोधायचं. २४ जून, १ जुलै, ८ जुलै आणि १५ जुलै १९९० या चार रविवारांचे अंक पाहायचे. त्या काळी दैनिकांत रोज दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा छोटा रकाना असायचा. १ जुलैच्या रकान्यात ‘महाभारत’ असेल तर २४ जून बाद. चारही रविवारी असेल तर १५ जुलैला बळ मिळालं. एवढं शोधायला चार अंक आणि अर्धा तास पुरतो, पण ते अंक मिळायला हवेत. जिल्ह्याच्या ठिकाणचं जुनं वाचनालय हा पहिला पत्ता. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. अशा ठिकाणी जाऊन ‘या वर्षाची बांधलेली फाइल आहे का’ असं नेमकं साल आणि महिना सांगून विचारावं. ‘जुने पेपर आहेत का’ असं मोघम विचारलं की ‘नाहीत’ हेच उत्तर सोपं असतं.

रकाना वाचताना एक पथ्य पाळायचं. छापलेला कार्यक्रम आदल्या दिवशी ठरलेला असतो, प्रत्यक्षात दाखवलेला नव्हे. ऐन वेळी बदल झाला असेल तर तो रकान्यात दिसणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या अंकात बातमी, वाचकांची पत्रं किंवा तक्रार सापडते का पाहावं. इतक्या गाजलेल्या मालिकेचा शेवट झाला की त्यावर कुणीतरी लिहिलेलं असतंच.

घरच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी दिशा दाखवायला चांगल्या, पुरावा म्हणून नाही. पावसाळ्यात लाईट गेल्याने चुकलेला रविवार कित्येकांच्या डोक्यात ‘त्या दिवशी मालिका लागलीच नव्हती’ असा बसलेला असतो.

हे अंक मिळेपर्यंत काय करायचं? ‘महाभारत’ संपल्याची तारीख विचारायचीच नाही. साल विचारा. १९९० हे साल दोन्ही तारखांना लागू आहे, त्यामुळे त्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही.

त्याच मालिकांचं २०२०

लॉकडाऊनमध्ये २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने या दोन्ही मालिका पुन्हा दाखवल्या: ‘रामायण’ डीडी नॅशनलवर, ‘महाभारत’ डीडी भारतीवर. आज वीस वर्षांच्या मुलाला ‘रामायण’ कधी लागायचं असं विचारलं तर तो २०२० म्हणेल, आणि त्याच्या परीने तो खरंच बोलतोय. माहितीच्या काही पानांवरही या दोन तारखा एकाखाली एक असतात आणि घाईत खालची उचलली जाते.

पुनर्प्रक्षेपणातला जास्त फसवा भाग म्हणजे भागांचे क्रमांक. २०२० मध्ये ‘रामायण’ १८ एप्रिलला संपलं. २८ मार्च ते १८ एप्रिल हे २२ दिवस. रोज सकाळी ९ आणि रात्री ९ अशा दोन वेळा, म्हणजे एकूण ४४. मूळचे ७८ भाग ४४ वेळांत एकेक करून बसत नाहीत, उघडच एका वेळेत एकाहून जास्त भागांचा मजकूर गेला. त्यामुळे ‘अमुक प्रसंग कितव्या भागात?’ या प्रश्नाचं १९८७ चं उत्तर आणि २०२० चं उत्तर वेगळं येतं, आणि ॲपवर तिसरंच येऊ शकतं. शिवाय १९ एप्रिल २०२० पासून लगोलग ‘उत्तर रामायण’ सुरू झालं. मुळात ती नंतर आलेली वेगळी मालिका. सलग पाहिलेल्या माणसाच्या डोक्यात दोन्हींचा शेवट एकच झालेला असतो. प्रश्नात ‘लव-कुशाचे भाग वगळून’ एवढे शब्द घातले की हा वाद उद्भवतच नाही.

ॲपवरची तारीख कशाची?

आता आपल्या घरच्या मालिकेकडे. ‘रात्रीस खेळ चाले’चं चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं, त्यामुळे सिंधुदुर्गात हा प्रश्न आल्याशिवाय राहत नाही. पहिलं पर्व झी मराठीवर २२ फेब्रुवारी २०१६ ला सुरू झालं, दुसरं १४ जानेवारी २०१९ ला, तिसरं २२ मार्च २०२१ ला. तिन्ही सोमवार.

झी५ हे ॲप भारतात १४ फेब्रुवारी २०१८ ला सुरू झालं. म्हणजे पहिल्या पर्वाच्या बाबतीत ‘झी५ वर पहिल्यांदा आलं’ अशी २०१६ ची तारीख असूच शकत नाही. तिथे २०१६ दिसलं तर ती वाहिनीवरची तारीख ॲपने तशीच उचलून लावलेली आहे. २०१८ किंवा त्यानंतरचं काही दिसलं तर ती चढवल्याची तारीख. कुठल्याही जुन्या मालिकेसाठी पहिली चाळणी हीच लावा: ॲपचा जन्म आधी की मालिकेचा? मालिका आधीची असेल तर ॲपची तारीख ‘पहिल्या प्रक्षेपणा’च्या रकान्यात जाताच कामा नये. वाहिनीच्या नावालाही हीच चाळणी लागू पडते. आजची झी मराठी १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठी म्हणून सुरू झाली आणि २००५ मध्ये तिचं नाव बदललं. त्यामुळे त्याआधीच्या मालिकेचं उत्तर ‘झी मराठी’ असं लिहून ठेवलंत तर जुना प्रेक्षक हरकत घेणार, आणि त्याची हरकत रास्त असणार.

नव्या मालिकांचं प्रकरण उलटं आहे. ॲपचे वर्गणीदार काही मालिकांचे भाग टीव्हीच्या आधी पाहू शकतात. झी५ ने ‘टीव्हीच्या आधी’ ही सोय खास पैसे भरणाऱ्यांसाठी ठेवली आहे. अशा वेळी ॲपवरची तारीख वाहिनीच्या तारखेपेक्षा जुनी असते, बहुतेकदा एका दिवसाने. ‘लवकरची तारीख म्हणजेच मूळ प्रक्षेपण’ हा सर्वसाधारण नियम इथे उलटा पडतो.

ॲपवरची तारीख यांतली कोणती हे एका भागावरून कळत नाही. सलग बारा-पंधरा भाग उघडून त्यांच्या तारखा खाली खाली लिहून काढा. सोमवार ते शनिवार लागणारी मालिका असेल तर खऱ्या प्रक्षेपणाच्या तारखा सहा दिवस सलग चालतात आणि सातव्या दिवशी, रविवारी, खाच पडते. खाच रविवारऐवजी शनिवारी पडत असेल तर सगळे भाग एक दिवस आधीचे आहेत, म्हणजे ॲपवर आधी आलेले. सगळ्यांवर एकच तारीख असेल, किंवा दहा-दहा भागांच्या गठ्ठ्यावर एकेक तारीख असेल, तर ती चढवल्याची. आणि खाचच नसेल, रोज एक असा अखंड क्रम असेल, तर कुणीतरी तारखा आपोआप भरल्या आहेत असं समजावं आणि त्या सोडून द्याव्यात. मधे महाएपिसोड लागला असेल तर तो रविवार भरलेला दिसेल आणि एखादा भाग तासाभराचा असेल. त्यामुळे दोन आठवड्यांपेक्षा कमी तारखांवरून निष्कर्ष काढू नये.

जाहीर झालेली तारीख आणि प्रत्यक्षातली तारीख

स्ट्रीमिंगच्या मालिकांत आणखी एक जात आहे. ‘पंचायत’चं दुसरं पर्व २० मे २०२२ ला येणार असं जाहीर झालं होतं. प्राइम व्हिडिओवर ते दोन दिवस आधी, १८ मेलाच आलं. आधी लिहिलेल्या बातम्या, पोस्टर आणि ट्रेलरवर २० मे तशीच राहिली आहे आणि ती आजही शोधात वर येते. म्हणून बातमीतलं वाक्य कोणत्या काळातलं आहे ते पाहावं. ‘प्रदर्शित होणार’ म्हणणारी बातमी पुरावा नाही. ‘आली’, ‘पाहायला मिळाली’ असं म्हणणारी, आणि स्वतःच त्या दिवसानंतर छापलेली बातमी धरावी.

परदेशी मालिका: एका दिवसाचा फरक

इथला घोळ सगळ्यात नियमबद्ध आहे, म्हणून सोडवायलाही सोपा. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं आठवं पर्व अमेरिकेत एचबीओवर १४ एप्रिल २०१९ ला, रविवारी रात्री ९ वाजता सुरू झालं. त्याच क्षणी आपल्याकडे १५ एप्रिल, सोमवारची सकाळ होती, साडेसहा वाजले होते, आणि हॉटस्टारवर भाग हजर झाला होता. दोन तारखा, एकच क्षण.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मिळवले की आपली वेळ येते. तिथली उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. त्यांच्या संध्याकाळी-रात्री लागणारा कुठलाही कार्यक्रम आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे किंवा सकाळी पोचतो, म्हणून फरक कायम एका दिवसाचा आणि तोही एकाच दिशेने: आपली तारीख पुढची. फरक उलट दिशेने असेल किंवा दोन दिवसांचा असेल तर कारण वेळेचं नाही, दुसरं काही आहे.

नेटफ्लिक्सच्या जगभर एकदम येणाऱ्या मालिका सहसा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मध्यरात्र झाली की येतात. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेबारा, हिवाळ्यात दीड. तारीख तीच राहते, त्यामुळे तिथे वाद सहसा होत नाही.

टीव्हीमेझ नावाच्या माहितीकोशात प्रत्येक भागाची स्थानिक तारीख आणि जागतिक वेळ दोन्ही वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात, म्हणून ताळा करायला तो सोयीचा. ब्राउझरमध्ये हा पत्ता टाका:

```
https://api.tvmaze.com/shows/82/episodebynumber?season=8&number=1
```

येणाऱ्या मजकुरात या तीन ओळी शोधा:

```
"airdate":"2019-04-14"
"airtime":"21:00"
"airstamp":"2019-04-15T01:00:00+00:00"
```

airdate ही त्या वाहिनीच्या गावची तारीख. airstamp हा तोच क्षण ग्रिनिचच्या वेळेत. त्यात साडेपाच तास मिळवले की आपले सकाळचे साडेसहा. शेजारी शेजारी दोन वेगळ्या तारखा पाहून गोंधळायचं कारण नाही, आणि airstamp मधली तारीख प्रश्नाचं उत्तर म्हणून उचलायचीही नाही. ती ना अमेरिकेच्या प्रेक्षकाची, ना आपली. आज ती आपल्याशी जुळली तरी उद्या जुळेलच असं नाही.

इथे एक खड्डा आहे. स्ट्रीमिंगच्या मालिकांना ठरावीक प्रक्षेपणाची वेळ नसते, तेव्हा airtime रिकामा असतो आणि airstamp मध्ये दुपारचे बारा भरलेले असतात. ती खरी वेळ नाही, जागा भरायला घातलेली आहे. तिच्यात साडेपाच तास मिळवून ‘भारतात संध्याकाळी साडेपाचला आली’ असं कुणी लिहिलं असेल तर चूक कुठून आली ते आता ओळखू येईल. airtime रिकामा दिसला की वेळेचा हिशेब करायचाच नाही, फक्त airdate घ्यायची.

‘पहिल्यांदा’ म्हणजे कुठे?

‘स्टार ट्रेक’चा पहिला लागलेला भाग, ‘द मॅन ट्रॅप’, अमेरिकेत एनबीसीवर ८ सप्टेंबर १९६६ ला दाखवला गेला. सगळीकडे हीच तारीख असते. पण कॅनडात सीटीव्हीने तो ६ सप्टेंबरलाच दाखवला होता. जगात पहिल्यांदा कधी, असं विचारलं तर ६, मूळ देशात कधी असं विचारलं तर ८. विकिपीडियावरच्या भागांच्या याद्या साधारणपणे मूळ देशाची आणि मूळ वाहिनीची तारीख धरतात. आयएमडीबी देशवार तारखा ठेवतं आणि पानावर वर दिसणारी तारीख पाहणाऱ्याच्या देशाप्रमाणे बदलू शकते. म्हणजे गावात बसून पाहिलेलं पान आणि दुबईहून पुतण्याने पाठवलेला स्क्रीनशॉट यांत फरक पडू शकतो. वरची तारीख सोडून देशवार तारखांची यादी उघडावी.

‘पहिला भाग’ हेही तपासून घ्यायला लागतं. ‘फायरफ्लाय’ ही मालिका फॉक्सने २० सप्टेंबर २००२ ला सुरू केली ती ‘द ट्रेन जॉब’ या भागाने. कथेचा खरा आरंभ असलेला ‘सेरेनिटी’ हा भाग त्यांनी २० डिसेंबरला, अगदी शेवटी दाखवला. डीव्हीडीवर आणि ॲपवर ‘सेरेनिटी’ पहिला असतो. ‘पहिल्या भागाचं नाव काय’ याला म्हणून दोन बरोबर उत्तरं आहेत, आणि ‘पहिल्या भागाची तारीख’ विचारली तर पहिला म्हणून २० डिसेंबरचा भाग समोर येतो. अशी मालिका ओळखायची खूण सोपी: भागांच्या यादीत क्रमांक चढत्या क्रमाने आणि तारखा मात्र मागेपुढे. टीएमडीबी आणि टीव्हीडीबी या दोन कोशांत प्रक्षेपणाचा क्रम आणि डीव्हीडीचा क्रम वेगवेगळे पाहायची सोय आहे, ती वापरावी.

तीन ठिकाणी तेच, म्हणून खरं?

तीन संकेतस्थळांवर एकच तारीख दिसली की माणूस निश्चिंत होतो. हे कोश एकमेकांकडून उचलतात, त्यामुळे तीन साक्षीदार मुळात एकच असण्याची शक्यता मोठी. विकिपीडियाच्या पानावर इतिहासाचा दुवा असतो. तो उघडून ती तारीख कधी आणि कशाच्या आधारे आली ते पाहा. आधार म्हणून दिलेला लेख त्या नोंदीनंतर छापलेला असेल, तर बहुधा त्या लेखानेच तारीख विकिपीडियावरून घेतली आहे आणि वर्तुळ पूर्ण झालं आहे. नावातली विचित्र चूक, भागांची एकसारखी चुकलेली संख्या, वाहिनीचं जुन्या काळालाही लावलेलं आजचं नाव, या खुणा दोन ठिकाणी सारख्या दिसल्या की ते दोन नव्हेत, एकच समजायचं.

वजन द्यायचं ते असं: त्याच दिवसाचं छापील वर्तमानपत्र सगळ्यात वर. त्यानंतर वाहिनीने त्या आठवड्यात केलेली जाहिरात किंवा तिच्या अधिकृत खात्यावरचा त्या दिवशीचा प्रोमो, जिथे ‘आजपासून’ असं म्हटलेलं आहे. मग कोश. ॲपवरची तारीख सगळ्यात खाली, तीही वरची खाच तपासल्यावरच.

प्रश्न लिहिताना

वही भरली की प्रश्नाच्या वाक्यात रकान्याचं नाव उतरवायचं. ‘रात्रीस खेळ चाले कधी सुरू झाली?’ हा वादाचा प्रश्न. ‘रात्रीस खेळ चाले या मालिकेच्या पहिल्या पर्वाचा पहिला भाग झी मराठी वाहिनीवर कोणत्या साली प्रक्षेपित झाला?’ यात पर्व, वाहिनी आणि कृती तिन्ही बांधलेली आहेत. परदेशी मालिकेला ‘अमेरिकेतील स्थानिक तारखेनुसार’ आणि स्ट्रीमिंगच्या मालिकेला ‘प्रत्यक्ष उपलब्ध झाल्याची तारीख’ हे शब्द जोडावेत. दिवसापर्यंत नेमकी तारीख तेव्हाच विचारावी, जेव्हा ती वर्तमानपत्रात डोळ्यांनी पाहिलेली आहे किंवा वार, भागसंख्या आणि तारखा यांचा ‘रामायणा’सारखा मेळ बसला आहे. नाहीतर महिना किंवा साल पुरे.

परीक्षकाच्या हातात उत्तरासोबत ती अख्खी ओळ छापून द्या, नुसती तारीख नको. कुणी मोबाइलवर दुसरी तारीख दाखवली तर परीक्षकाने आधी ती कोणत्या रकान्यातली ते पाहायचं. ॲपच्या किंवा पुनर्प्रक्षेपणाच्या रकान्यात ती सापडली तर हरकत फेटाळायची आणि कारण माइकवरून सांगायचं. कुठल्याच रकान्यात सापडली नाही तर तो प्रश्न रद्द करून राखीव प्रश्न घ्यायचा, म्हणून मालिकांच्या फेरीसाठी निदान दोन राखीव प्रश्न सालावर बेतलेले, आधीच ताडून पाहिलेले ठेवावेत.